जायकवाडीचा पाणीपातळी अहवाल कसा वाचायचा, आणि विसर्गाचा इशारा गावापर्यंत का येतो

पावसाळ्यात मोबाइलवर रोज संदेश फिरतात: ‘नाथसागर 95 टक्के’, ‘18 दरवाजे एक फुटाने उघडले’, ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’. आकडे सगळे असतात, पण आपल्या गावात पाणी येणार का, आलंच तर किती वाजता, हे त्यातून आपोआप कळत नाही. ते कळायला हा अहवाल ओळीओळीने वाचावा लागतो. खाली पैठणच्या जायकवाडी धरणाचं उदाहरण घेतलं आहे; त्याच्याच जलाशयाला नाथसागर म्हणतात. पद्धत कुठल्याही दरवाजांच्या धरणाला लागू पडते, फक्त आकडे त्या त्या धरणाचे घ्यायचे.

आधी एक नमुना समोर ठेवू. हा सरावासाठी तयार केलेला आहे, कुठल्याही एका दिवसाचा नाही. धरणाच्या क्षमतेचे आकडे मात्र खरे आहेत.

पाणीपातळी 1520.98 फूट (463.595 मीटर)
एकूण साठा 2800 दलघमी
जिवंत साठा 2062 दलघमी, 94.98 टक्के
आवक 60,000 क्युसेक
विसर्ग: सांडवा 18,864 क्युसेक (दरवाजे 10 ते 27, प्रत्येकी एक फूट), जलविद्युत केंद्र 1,589 क्युसेक, डावा कालवा 0, उजवा कालवा 0

पहिली पायरी: टक्के कशाचे ते बघा

जायकवाडीची एकूण क्षमता 2909 दलघमी, म्हणजे 2909 दशलक्ष घनमीटर. त्यातले 738 दलघमी तळाशी असतात, तो मृतसाठा. उरलेले 2171 दलघमी म्हणजे जिवंत किंवा उपयुक्त साठा. अहवालातली टक्केवारी या जिवंत साठ्याची असते. म्हणूनच कडक उन्हाळ्यात ‘धरण शून्य टक्के’ अशी बातमी येते तेव्हाही नाथसागरात भरपूर पाणी दिसतं, आणि मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की टक्केवारी उणे लिहिली जाते.

वर्तमानपत्रं टीएमसीत लिहितात, अहवाल दलघमीत असतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात 28.317 दलघमी. त्या हिशेबाने जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे 76.7 टीएमसी, मृतसाठा 26 टीएमसी आणि एकूण 102.7 टीएमसी होतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा एकाने एकूण साठा लिहिलेला असतो आणि दुसऱ्याने जिवंत.

दुसरी पायरी: वरचा एक फूट किती मोठा आहे ते लक्षात घ्या

पूर्ण संचय पातळी 1522 फूट आहे. नमुन्यात पातळी 1520.98, म्हणजे एक फूट बाकी. ऐकायला भरपूर जागा शिल्लक वाटते. जिवंत साठ्यात बघितलं तर 2171 वजा 2062, म्हणजे 109 दलघमी. ही जागा 3.85 टीएमसीची आहे.

शेवटच्या एका फुटात एवढं पाणी मावतं, कारण भरलेल्या नाथसागराचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मृतसाठ्याच्या पातळीपासून वरपर्यंत सुमारे साडेसत्तावीस फूट आहेत. 76.7 टीएमसीला त्यांनी भागलं तर सरासरी फुटाला 2.8 टीएमसी येतात. वरचा फूट 3.8 चा आहे, म्हणजे तळाकडचे फूट सरासरीपेक्षा बरेच लहान. त्यामुळे जूनमध्ये पातळी झपाट्याने वर जाते आणि ऑगस्टमध्ये तेवढंच पाणी येऊनही पातळी रेंगाळते. पातळी सावकाश चढते आहे म्हणून आवक कमी आहे असं धरून चालू नका.

तिसरी पायरी: क्युसेकचं टीएमसी करा

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. तो वेग आहे, साठा नव्हे. दोन्हींना जोडणारा एकच आकडा पाठ ठेवा: 11,574. एवढे क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो.

आता नमुना सोडवू. आवक 60,000. बाहेर जाणारं पाणी 18,864 अधिक 1,589, म्हणजे 20,453. धरणात राहणारं पाणी 39,547 क्युसेक. त्याला 11,574 ने भागलं की दिवसाला 3.4 टीएमसी. शिल्लक जागा 3.85 टीएमसी. म्हणजे आवक अशीच राहिली तर सुमारे 27 तासांत धरण काठोकाठ भरेल.

दरवाजे उघडलेच नसते तर दिवसाला पाच टीएमसी साठलं असतं आणि धरण अठरा-एकोणीस तासांत भरलं असतं. त्यानंतर आलेलं सगळं पाणी, साठच्या साठ हजार क्युसेक, एकदम खाली सोडावं लागलं असतं. आज एक फूट दरवाजे उघडून 18,864 सोडण्यामागे हाच हिशेब आहे. खालच्या गावाला साठ हजारांचा एकदम धक्का बसण्याऐवजी आधी अठरा हजार, मग तीस-चाळीस हजार असं चढत जाणारं पाणी मिळतं, आणि माणसं-जनावरं हलवायला वेळ राहतो.

चौथी पायरी: दरवाजांची उंची विसर्गात बदला

जायकवाडीच्या सांडव्याला 27 वक्र दरवाजे आहेत. 10 ते 27 हे 18 नियमित दरवाजे आणि 1 ते 9 हे आपत्कालीन. प्रत्येक दरवाजा साडेबारा मीटर रुंद आहे. धरण भरत आलेलं असताना एक दरवाजा अर्धा फूट उचलला की त्यातून साधारण 524 क्युसेक जातात. अठरा दरवाजांचे 9,432. एक फुटाला 18,864. चार फुटांना 75,456. ‘9,432 क्युसेक’ हा आकडा बातम्यांत वारंवार दिसतो तो यामुळे.

संदेशात फक्त ‘दरवाजे दोन फुटांनी उघडले’ एवढंच असेल तर याच पटीने विसर्ग काढता येतो. मात्र दरवाजे किती ते आधी पाहा, कारण कधी कधी मोजकेच उघडतात. शिवाय हा हिशेब पातळी 1522 च्या जवळ असतानाचा आहे. पातळी खाली असेल तर दरवाजावर पाण्याचा दाब कमी असतो आणि तेवढ्याच उघडीतून कमी पाणी जातं.

आपत्कालीन दरवाजे उघडल्याची बातमी आली तर ती वेगळ्या वजनाने घ्या. नियमित अठरांनी भागत नाही, एवढी आवक आहे असा तिचा अर्थ. ऑगस्ट 2006 मध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या आसपास गेला होता आणि सप्टेंबर 2025 च्या अखेरीस तो तीन लाखांच्या घरात पोहोचला. अशा वेळी पैठण शहरातही पाणी शिरतं, मग नदीकाठच्या वस्त्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

आवकेचा आकडा उड्या का मारतो

नवख्यांचा सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. सकाळी सहाला आवक 52,000, सातला 63,000, आठला 49,000. लोक म्हणतात आकडे खोटे आहेत. ते खोटे नसतात. एवढ्या मोठ्या जलाशयाची आवक कुठल्या एका ठिकाणी मोजता येत नाही. गोदावरी येते, प्रवरा येते, शिवनेसारख्या नद्या आणि कितीतरी ओढे थेट जलाशयात उतरतात. म्हणून आवक उलटी काढतात: तासाभरात साठा किती वाढला, त्यात बाहेर सोडलेलं पाणी मिळवायचं, झाली आवक.

साठा मात्र पातळीवरून काढलेला असतो. पातळीच्या वाचनात एक शतांश फूट, म्हणजे तीन मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर साडेतीनशे चौरस किलोमीटरवर ते दहा लाख घनमीटरांहून जास्त पाणी होतं. तासाच्या हिशेबात आवकेत सुमारे साडेदहा हजार क्युसेकचा फरक पडतो. वारा सुटला की धरणाच्या भिंतीकडे पाणी चढतं आणि मोजपट्टीवर लाटा हलतात, तेव्हा तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून तासाच्या एका आकड्यावर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. शेवटच्या सहा तासांची सरासरी काढा. तीच चूक सहा तासांत विभागली की पावणेदोन हजार क्युसेकांवर येते.

सरासरी कुठे चालली आहे याची खात्री करायला वरच्या बाजूचे तीन आकडे बघायचे. नाशिककडून येणारं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सुटतं. प्रवरेचं भंडारदरा आणि निळवंडे धरणांतून, मुळेचं मुळा धरणातून. आणि वैजापूर तालुक्यातलं नागमठाण हे गोदावरीवरचं मोजणी ठिकाण, तिथला विसर्ग जलाशयाच्या तोंडाशी आलेलं पाणी सांगतो. नांदूर मधमेश्वरचा विसर्ग आज दुपारी वाढला तर त्याचा परिणाम नाथसागरात तासाभरात दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतो. पुरातली लाट गोदावरीसारख्या नदीत ढोबळमानाने ताशी चार ते सात किलोमीटर चालते.

एक धोका या तिन्ही आकड्यांत येत नाही. वरची धरणं आणि जायकवाडी यांच्या मधल्या मोकळ्या मुलखात जोरदार पाऊस झाला की ते पाणी कुठल्याही धरणात न अडता थेट नाथसागरात येतं. नाशिकला उघडीप आहे, तरी विसर्ग वाढला, असं कोडं पडलं तर वैजापूर, गंगापूर, नेवासा, शेवगावचा पाऊस बघा.

धरण भरायच्या आधीच पाणी का सोडतात

‘अजून पाच टक्के जागा आहे, पाणी वाया का घालवता?’ हा प्रश्न मराठवाड्यात दरवर्षी विचारला जातो, आणि दुष्काळ सोसलेल्या माणसाने तो विचारणं स्वाभाविक आहे. उत्तर जलाशय परिचालन सूचीत आहे. खात्यात तिला इंग्रजी आद्याक्षरांनी आरओएस म्हणतात. पावसाळ्यातल्या कोणत्या तारखेला धरणात जास्तीत जास्त किती पातळी ठेवायची, ते तीत ठरवून दिलेलं असतं. जुलैअखेरीस ही मर्यादा पूर्ण संचयाच्या खाली असते, कारण अजून दोन महिन्यांचा पाऊस यायचा असतो. जसजसा पावसाळा सरतो तसतशी मर्यादा वर सरकते आणि शेवटी धरण पूर्ण भरू देतात.

म्हणून 31 जुलैला 90-92 टक्क्यांवर दरवाजे उघडू शकतात, आणि सप्टेंबरच्या अखेरीस 98 टक्क्यांवरही बंद राहू शकतात. टक्केवारी एकटी वाचून विसर्गाचा अंदाज बांधता येत नाही. तारीख तिच्या शेजारी ठेवावी लागते. यात आणखी एक अडचण आहे. साठ्याचं कोष्टक ज्या सर्वेक्षणावरून केलं, त्यानंतर तळाशी गाळ साचत राहतो. मग कागदावर दाखवलेली जागा प्रत्यक्षात थोडी कमी असते, आणि 27 तासांचा आपला हिशेब त्याआधीच संपू शकतो.

कालव्यात पाणी सोडून पूर का टाळता येत नाही

डाव्या कालव्याची वहनक्षमता सुमारे 3,600 क्युसेक, उजव्याची सुमारे 2,200. दोन्ही दुथडी भरून सोडले तरी सहा हजारांच्या आत. साठ हजारांच्या आवकेपुढे ते दहा टक्केही होत नाहीत. शिवाय भर पावसात शेतात पाणी नको असतं, आणि मातीच्या भरावावरून जाणाऱ्या पूर्ण भरलेल्या कालव्यात बाजूचे ओढे शिरले तर भराव फुटायची भीती असते. कालवा फुटला तर नदीपासून लांबची, कुणीही इशारा न दिलेली शेतं वाहून जातात. म्हणून पुरात कालव्यापुढे शून्य दिसणं हे बरोबर आहे.

कालव्याचा आकडा वाचायचा तो आवर्तनाच्या काळात, रब्बी आणि उन्हाळ्यात. तेव्हा ‘डावा कालवा 1,200 क्युसेक’ याचा अर्थ कालव्याच्या मुखाशी 1,200 सुटले, तुमच्या चारीला नव्हे. डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटर धरला तरी टोकाला पोहोचायला तीन दिवसांहून जास्त लागतात, आणि कोरडा कालवा आधी स्वतः भरावा लागतो, त्यात झिरपाही असतो. आवर्तन सुरू झाल्याच्या तारखेपासून नव्हे, तर तुमच्या वितरिकेच्या मुखाशी पाणी आल्यापासून दिवस मोजा. मुखाचा विसर्ग दोन दिवस स्थिर असूनही तुमच्याकडे पाणी घटत असेल तर कारण धरणात नाही, मधल्या वाटेवर आहे.

इशारा आला की गावाने काय मोजायचं

इशाऱ्यातली वेळ ही धरणावर दरवाजा हलवण्याची असते. पाणी तुमच्या घाटावर येण्याची नसते. समजा रात्री 10 वाजता विसर्ग 18,864 वरून 37,728 केला आणि तुमचं गाव नदीच्या वाटेने 60 किलोमीटर खाली आहे. लाट ताशी पाच किलोमीटर चालली तर वाढ सकाळी 10 ला दिसेल. नदी आधीच दुथडी असेल तर लवकर, पात्र कोरडं असेल तर उशिरा. रस्त्याचं अंतर धरू नका. गोदावरी वळणं घेत जाते, नदीचं अंतर रस्त्यापेक्षा जास्त भरतं.

अंदाजावर राहण्यापेक्षा स्वतःचं कोष्टक तयार करा, ते सर्वांत भरवशाचं. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर फुटांच्या खुणा रंगवा. प्रत्येक विसर्गाच्या वेळी चार गोष्टी लिहा: धरणावर किती वाजता किती क्युसेक झाले, आपल्या खुणेवर पाणी किती वाजता चढू लागलं, सर्वांत वर कुठे गेलं, तेव्हा गावात पाऊस होता का. दोन-तीन पावसाळ्यांत तुम्हाला कळेल की 9,432 ला आपल्याकडे फक्त वाळू बुडते, अमुक विसर्गाला मळ्याचा रस्ता जातो आणि अमुकला स्मशानभूमी. तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीकडे या वहीची एक प्रत द्या. धरणावरून संदेश येतो तो साऱ्या नदीकाठाला एकच असतो. त्यातला आपल्या गावापुरता अर्थ ही वहीच सांगते.

दोन गोष्टींमुळे वहीचा अंदाज चुकतो. पहिली, गोदावरीवरचे बंधारे. आपेगाव, हिरडपुरी आणि त्याखालच्या बंधाऱ्यांचे दरवाजे कुणाचे कधी उघडले यावर लाटेचा वेळ बदलतो. बंधारा अडलेला असेल तर त्याच्या वरच्या बाजूला पाणी आधी चढतं आणि खालच्या गावाला ते एकदम मिळतं. दुसरी, उपनद्या. सिंदफणा माजलगाव तालुक्यात गोदावरीला मिळते, पूर्णा त्याच्याही खाली. गोदावरी भरलेली असताना उपनदीचं पाणी आत शिरू शकत नाही, ते मागे फुगतं. त्यामुळे गोदावरीपासून काही किलोमीटर आत, ओढ्याकाठी असलेल्या वस्तीतही पाणी येतं आणि तिथल्या लोकांना वाटतं हा पूर आपला नव्हे. तुमचं गाव अशा ओढ्यावर असेल तर ‘नदीकाठ’ या शब्दात तुम्हीही आहात.

विसर्ग वाढण्याचा पहिला संदेश आला की लगेच काढायच्या त्या नदीतल्या मोटारी. आधी खांबावरून वीजपुरवठा तोडून घ्या, मग मोटार, स्टार्टर आणि केबल वर आणा. पाण्यात उतरून चालू लाईनची केबल ओढताना दरवर्षी जीव जातात. जनावरं उंचावर, चारा त्यांच्यासोबत. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघ्याखाली दिसलं तरी वाहन घालू नका. वाहत्या पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही ते वरून कळत नाही.

आणि विसर्ग कमी केल्याचा संदेश आला म्हणून मोटारी परत टाकू नका. विसर्ग 75,000 वरून 18,000 केला तरी आधीचं पाणी अजून वाटेत असतं. साठ किलोमीटरवरच्या गावात वाढीसारखीच घटही बारा तास उशिरा पोहोचते. पात्राबाहेर पसरलेलं पाणी आणि उपनद्यांचा फुगवटा उतरायला त्याहून वेळ लागतो. खुणेवरचं पाणी सहा तास सतत उतरत आहे, वर नागमठाणचा विसर्गही घटतो आहे आणि पातळी त्या तारखेच्या मर्यादेच्या खाली आली आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मगच मोटार नदीत सोडावी.